हजेरीच्या आधीचे एक मिनिट

रायपूरच्या कॉलेजांत तास सुरू होण्याची एक ठरलेली पद्धत आहे. शिक्षक आत येतात, वर्ग उभा राहतो, एका सुरात ‘गुड मॉर्निंग सर’ होते, शिक्षक हातानेच बसायला खुणावतात आणि रजिस्टर उघडतात. मग नावे सुरू होतात: अग्रवाल, बंजारे, ध्रुव, कुर्रे, मिश्रा, रामटेके, साहू. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली काही आडनावे नवी वाटतील, पण छत्तीसगडात वाढलेल्या कोणालाही ती ऐकताक्षणी कळतात. बंजारे आणि कुर्रे बहुधा सतनामी, ध्रुव बहुधा गोंड आदिवासी, साहू तेली समाजातले, रामटेके म्हणजे विदर्भातून आलेले बौद्ध कुटुंब. शिक्षकाने अजून विषयाचा एक शब्दही उच्चारलेला नसतो, पण कोण कुठून आले आहे हे वर्गात जाहीर होऊन गेलेले असते.

मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अकाउंटन्सी शिकवते. माझे आजोबा भंडाऱ्याकडून राजनांदगावच्या बी.एन.सी. मिलमध्ये कामाला आले आणि आमचे कुटुंब मग इथलेच झाले. घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि वर्गात हिंदी अशी आमच्या पिढीची भाषा आहे. हा लेख मी आपल्या समाजातल्या अशा तरुण-तरुणींसाठी लिहिते आहे, जे घरातले पहिले पदवीधर आहेत आणि आता कुठे अतिथी व्याख्याता म्हणून, कुठे शाळेत, कुठे कोचिंग क्लासमध्ये शिकवायला उभे राहत आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की तासाच्या पहिल्या मिनिटात शिक्षक विद्यार्थ्याला कसा भेटतो यावर पुढच्या दहा मिनिटांचे लक्ष बऱ्याच अंशी ठरते, आणि आपल्या देशात हे मिनिट जातीपासून सुटे करता येत नाही.

आधी अभिवादनाचे पाहू. एका सुरातले ‘गुड मॉर्निंग सर’ हे खालून वर जाणारे अभिवादन आहे. पन्नास जण एकाला अभिवादन करतात, पण तो एक त्या पन्नासांपैकी कोणालाच करत नाही. ही दिशा आपल्याला नवी नाही. मराठी मुलखात ‘जोहार’ हा शब्द महारांच्या वाट्याला लावून दिलेला होता. गावच्या वतनदारापुढे दूर उभे राहून जोहार करायचा. बरोबरीच्या लोकांचा रामराम वेगळा. म्हणून तर आंबेडकरी चळवळीत आपल्या माणसांनी जोहार टाकून दिला. छत्तीसगड आणि झारखंडमधल्या आदिवासींमध्ये मात्र तोच ‘जोहार’ दोन माणसे एकमेकांना बरोबरीने करतात, अभिमानाने करतात. सतनामी एकमेकांना ‘जय सतनाम’ म्हणतात. शब्द कोणता आहे यापेक्षा तो कोण कोणाला म्हणतो आणि समोरून काय परत येते, यात खरा फरक आहे.

‘जय भीम’ अभिवादन म्हणून रुजवण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. 1904 साली जन्मलेले हरदास 1937 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले आणि 1939 मध्ये, पस्तिशीतच गेले. तेव्हा कामठी आणि रायपूर एकाच प्रांतात होते. त्यांनी रुजवलेल्या अभिवादनात एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, दोघांची मान सारखी ताठ ठेवून. वर्गातले अभिवादन तपासताना मला हीच कसोटी उपयोगी वाटते: शिक्षकाकडून प्रत्येकाला उत्तर मिळते का?

आता लक्ष लागण्याचा प्रश्न. अमेरिकेतल्या शाळांमध्ये यावर थेट मोजमाप झालेले आहे. 2007 साली ऑलडे आणि पकुरार या दोघांनी माध्यमिक शाळेतल्या तीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तास सुरू झाला की कामाला लागायला ज्यांना वेळ लागतो, अशी ही तीन मुले होती. शिक्षकांनी एवढेच करायचे होते: दारात उभे राहून त्या मुलाचे नाव घेऊन अभिवादन करायचे आणि एखादे चांगले वाक्य बोलायचे. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत ही मुले किती वेळ कामात असतात हे मोजले गेले. आधी ते प्रमाण सरासरी 45 टक्के होते, अभिवादन सुरू झाल्यावर 72 टक्के झाले. तीन मुलांवरून जगाचा नियम काढता येत नाही, हे उघड आहे. पण 2018 मध्ये क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी दहा वर्गांत, 203 विद्यार्थ्यांवर हेच पाहिले. काही वर्गांत दारातले अभिवादन होते, काही वर्गांत नव्हते. जिथे होते तिथे विद्यार्थ्यांचा कामात गुंतलेला वेळ सुमारे 20 टक्के-अंकांनी वाढला आणि गोंधळ सुमारे 9 टक्के-अंकांनी कमी झाला.

कुक यांच्या अभ्यासात नुसते हसून स्वागत करणे नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. शिक्षक दारात उभा राहतो, प्रत्येकाचे नाव घेतो, हस्तांदोलन करतो किंवा मान हलवतो. आदल्या दिवशी ज्याचे काही बिनसले होते त्याच्याशी हळू आवाजात एखादे वाक्य बोलतो. आणि आत गेल्यावर पहिल्यांदा काय करायचे आहे ते सांगतो. म्हणजे अभिवादन आणि पहिले काम एकमेकांना जोडलेले असतात. नाव घेतल्याने मुलाला कळते की मी आलो आहे हे पाहिले गेले. काम ठरलेले असल्याने त्याला इकडेतिकडे पाहत बसावे लागत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या तर तोच परिणाम मिळेल असे गृहीत धरता येत नाही. नाव घेतले पण काम दिले नाही, तर वर्ग गप्पांत जातो. काम दिले पण कोणाकडे पाहिले नाही, तर मागच्या बाकांवर वही उघडत नाही.

आपल्याकडे मात्र याची एक उलटी बाजूही आहे, आणि तिचाही अभ्यास झालेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते. सोडवलेल्या प्रत्येक चक्रव्यूहाला ठरलेले पैसे. एका गटात सहा मुले असत. काही गटांत कोणाचीही जात बोलली गेली नाही. तिथे उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतल्या आणि चांभार समाजातल्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दुसऱ्या काही गटांत काम सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली गेली आणि मुलाने फक्त मान हलवून होकार दिला. तिथे दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. दोन्हीकडचे चक्रव्यूह सारखे होते आणि मुलेही त्याच शाळांतली होती. मधे फक्त ते वाचन आले होते. अभ्यासकांचा अंदाज असा की जात जाहीर झाली की मुलाला वाटते, आता आपल्या कामाचे माप न्यायाने होणार नाही, आणि मग जोर लावण्यात अर्थ उरत नाही.

हे वाचताना मला आपले हजेरीचे रजिस्टर आठवते. आपण जात वाचत नाही, आडनाव वाचतो, आणि अनेक ठिकाणी तेवढ्याने भागते. एका कॉलेजात, त्याचे नाव इथे घेत नाही, रोल नंबरच प्रवेशाच्या यादीप्रमाणे दिले होते: आधी खुला प्रवर्ग, मग ओबीसी, मग एस.सी., शेवटी एस.टी. तिथे आडनाव ऐकायचीही गरज नव्हती. नंबर चाळीसच्या पुढे गेला की वर्गाला कळायचे, आता कोण सुरू झाले. रोज सकाळी, विषय सुरू होण्याआधी, तो वर्ग हॉफ आणि पांडे यांचा दुसरा गट होत होता.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आपल्या शाळेचे जे लिहिले आहे तेही याच पहिल्या मिनिटाबद्दल आहे असे मला वाटते. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बाकीच्या मुलांत बसता येत नव्हते. कोपऱ्यात वेगळे बसायला एक गोणपाट होते. शाळा साफ करणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. म्हणजे गुरुजींनी तोंड उघडण्याआधी, गोणपाट पसरतानाच, त्या मुलाला शाळेने सांगून टाकलेले असे की तू कोण आहेस. आज गोणपाट नाही. पण तोच निरोप आवाजाच्या चढउतारातून, कोणाला नावाने आणि कोणाला आडनावाने हाक मारली यातून पोहोचू शकतो. ‘आदित्य बेटा, आगे आओ’ आणि ‘ए बंजारे, पीछे क्या चल रहा है’ ही दोन वाक्ये एकाच शिक्षकाच्या तोंडून एकाच मिनिटात निघालेली मी ऐकली आहेत.

तर मग आपल्या वर्गात काय करायचे? अमेरिकेतली पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. तिथे तास बदलला की मुले खोली बदलतात, म्हणून शिक्षक दारात उभा राहू शकतो. आपल्याकडे मुले खोलीत बसून असतात आणि शिक्षकच एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो. तिथे वर्गात वीस-पंचवीस मुले, इथे पन्नास-साठ. दोन तासांच्या मधे रिकामा वेळही नसतो. म्हणून मी केलेली मांडणी सविस्तर सांगते. आपापल्या वर्गाप्रमाणे ती बदलून घ्यावी.

माझ्या एका वर्गात 54 विद्यार्थी आहेत, तास 45 मिनिटांचा. प्रत्येकाला नाव घेऊन भेटायला तीन सेकंद धरले तरी 162 सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मिनिटे. तेवढ्यात पहिला भेटलेला कंटाळतो. म्हणून मी बाकांच्या तीन रांगा धरते, प्रत्येकी 18 जणांच्या. आत गेल्यावर आधी फळ्यावर एक छोटे काम लिहिते. उदाहरणार्थ: किराणा दुकानदाराने 8,000 रुपयांचा माल उधारीवर घेतला, कोणते खाते डेबिट होईल, कोणते क्रेडिट? हे काम असे हवे की कालच्या तासाला नसलेल्यालाही सुरुवात करता यावी, आणि ते तीन मिनिटांत संपावे. मग ‘नमस्ते, सब लोग शुरू कीजिए’ एवढे म्हणून मी एका रांगेच्या मधून चालत मागे जाते. त्या दिवशी त्या रांगेतल्या अठरा जणांना एकेक करून पहिल्या नावाने, मान हलवून भेटते. अठरा गुणिले तीन सेकंद म्हणजे 54 सेकंद, एका मिनिटाच्या आत. दुसऱ्या दिवशी दुसरी रांग. आठवड्यात सहा दिवस तास असेल तर प्रत्येकाला दोनदा नावाने भेटले जाते. उरलेल्या दोन रांगांना त्या दिवशी नजर आणि नमस्ते मिळते.

रांगेतून चालत मागच्या बाकापर्यंत जाणे हा यातला महत्त्वाचा भाग आहे. फळ्याजवळ उभे राहून अभिवादन केले की ते पहिल्या दोन बाकांनाच पोहोचते, आणि पहिल्या दोन बाकांवर कोण बसते हे आपल्याला माहीत आहे. मागे जाऊन परत फळ्याकडे येईपर्यंत कोणाची वही उघडली, कोण आजारी दिसते, कोणाकडे पुस्तक नाही, हे आपोआप दिसते.

हजेरी मी तोंडी घेत नाही. बसण्याचा नकाशा कागदावर काढलेला आहे आणि मुले फळ्यावरचे काम करत असताना मी त्यावरून खुणा करते. ज्या संस्थेत तोंडी हजेरी सक्तीची आहे तिथे ती तासाच्या शेवटी घेता येते, आणि आडनावाऐवजी पहिले नाव घेता येते. दोन ‘राहुल’ असतील तर राहुल एक, राहुल दोन. याला कोणाची परवानगी लागत नाही. नावे पाठ होणार कशी, हा प्रश्न येतोच, कारण एका शिक्षकाकडे चार-चार वर्ग असतात. नकाशा हातात ठेवून रोज एका रांगेची अठरा नावे घेतली तर तीन दिवसांत एक वर्ग पुरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांत नकाशाची गरज राहत नाही. नावाचा उच्चार मात्र एकदा विद्यार्थ्यालाच विचारून घ्यावा. चुकीचा उच्चार रोज ऐकणे हीसुद्धा एक खूण असते, की तू इथला नाहीस.

एक उदाहरण घेऊ. सिलतराच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी थेट कॉलेजात येणारा एक विद्यार्थी आहे. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटे उशीर होतो. रूढ पद्धतीत तो दारात दिसला की शिक्षक थांबतात आणि म्हणतात, ‘आइए साहब, आज भी?’ वर्ग हसतो. तो मान खाली घालून शेवटच्या बाकावर जातो आणि पुढचा बराच वेळ वही न उघडता बसतो. यात त्याचा तास जातोच, शिवाय 53 जणांचे लक्षही तुटते, आणि ते परत आणायला शिक्षकालाच खपावे लागते. आता दुसरी पद्धत. दाराजवळच्या बाकावरची एक जागा उशिरा येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवलेली असते. तो दारात आला की शिक्षक बोलणे न थांबवता त्याच्याकडे पाहून मान हलवतात आणि हाताने जागा दाखवतात. फळ्यावरचे पहिले काम पुसलेले नसते, म्हणून त्याला तिथून सुरुवात करता येते. उशिराबद्दल बोलायचे असेल तर तास संपल्यावर, दोघेच असताना. त्याचे पहिले मिनिट वर्गाच्या पहिल्या मिनिटानंतर येते इतकेच, पण त्यालाही ते मिळते.

हे बिघडते कुठे, तेही सांगायला हवे. पहिला बिघाड चौकशीचा. जवळीक दाखवायची म्हणून काही शिक्षक सगळ्यांसमोर विचारतात, ‘पापा क्या करते हैं?’ ज्याचे वडील डॉक्टर आहेत त्याला हा प्रश्न गोड लागतो. ज्याची आई चार घरी भांडी घासते तिला उत्तर देताना आवाज खाली घ्यावा लागतो, आणि मग पुढच्या तासाला ती शिक्षकाची नजर टाळते. पहिल्या मिनिटात घरचे काही विचारू नये. कामाचे विचारावे: ‘कल वाला सवाल हुआ?’ दुसरा बिघाड विनोदाचा. कपडे, केस, इंग्रजी उच्चार, छत्तीसगढी हेल यांवर केलेला हलकाफुलका शेरा हसणाऱ्यांसाठी हलका असतो, ज्याच्यावर केला त्याच्यासाठी नसतो. ‘का हाल हे?’ असे छत्तीसगढीत विचारले की गावाकडून आलेल्या मुलाचा चेहरा खुलतो, हा माझा अनुभव आहे. पण तेच नाटकी आवाजात, त्याची नक्कल करत विचारले तर तो पुन्हा बोलत नाही. तिसरा बिघाड पाया पडण्याचा. आमच्याकडे ‘पाय लागी’ म्हणून पाया पडण्याची रीत अजून आहे. काही विद्यार्थी पाया पडतात, काही पडत नाहीत, आणि शिक्षक पडणाऱ्याला आशीर्वाद देऊन दुसऱ्याकडे पाहतही नाहीत. मी सगळ्यांना एकच सांगितले आहे, पाया पडायचे नाही, नमस्ते पुरे. कोणाला जय भीम, जोहार किंवा जय सतनाम म्हणावेसे वाटले तर त्याला त्याच शब्दात उत्तर देते.

हे सगळे चालते आहे की नाही, हे आपल्या समाधानावरून ठरवू नये. आपल्याला नेहमीच वाटते की आपण सगळ्यांशी सारखे वागतो. मोजण्याची एक सोपी रीत आहे. वर्गातले सहा विद्यार्थी मनात धरा, दोन पुढचे, दोन मधले, दोन शेवटच्या बाकावरचे. पहिली दहा मिनिटे दर मिनिटाला त्यांच्याकडे एक नजर टाका आणि वहीच्या कडेला खूण करा: पेन चालते आहे किंवा लक्ष फळ्यावर आहे तर एक रेघ, नाही तर शून्य. साठ खुणा होतील. शिकवताना हे जमत नसेल तर एखाद्या सहकाऱ्याला मागे बसायला सांगा. आधी आठवडाभर नेहमीसारखे शिकवून मोजा, मग पद्धत बदलून दोन आठवडे मोजा. एकूण रेघांपेक्षा शेवटच्या बाकावरच्या वीस खुणांकडे जास्त पाहा. पुढच्यांच्या रेघा वाढल्या आणि मागच्यांच्या तेवढ्याच राहिल्या, तर आपले अभिवादन मागेपर्यंत गेलेले नाही. दुसरी तपासणी आणखी सोपी आहे. आठवड्याच्या शेवटी वर्ग डोळ्यांसमोर आणून कागदावर नावे लिहा. जी नावे आठवत नाहीत ती बहुधा विखुरलेली नसतात. त्यांची आडनावे पाहा.

पहिल्या पिढीतल्या शिक्षकासमोर आणखी एक गोष्ट येते, जी या परदेशी अभ्यासांत सापडणार नाही. वर्ग आपल्यालाही त्याच मिनिटात तोलत असतो. नवा अतिथी व्याख्याता आला आणि त्याने नुसते पहिले नाव सांगितले की कोणीतरी हमखास विचारतो, ‘सर, पूरा नाम?’ प्रश्नाचा रोख आपल्याला कळतो आणि वर्गालाही कळतो. काही जण यावर चिडतात, काही जण गोलमोल बोलतात. दोन्हीत पहिले मिनिट वर्गाच्या हातात जाते. मी पहिल्याच दिवशी माझे पूर्ण नाव स्वतःच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते आणि त्याच्याच खाली पहिले काम लिहिते. विचारायला काही उरत नाही आणि कामाला सुरुवात होते. वर्ग उभा राहिला नाही तरी त्यावर वाद घालत नाही, कारण मला त्यांचे उभे राहणे नको आहे, उघडलेली वही हवी आहे. आपल्यातल्या काही शिक्षकांना वाटते की कडक राहिल्याशिवाय मान मिळत नाही, आणि ज्यांना आयुष्यभर मान नाकारला गेला त्यांना असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण वेळेवर येणे, फळ्यावर काम तयार असणे आणि तपासलेली वही दुसऱ्या दिवशी परत देणे यातून जो वचक बसतो तो आवाज चढवून बसत नाही.

एका मिनिटाने काय होत नाही, हेही माहीत असावे. प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत आडनाव पाहून दिले जाणारे गुण त्याने बदलत नाहीत. अडकलेली शिष्यवृत्ती मोकळी होत नाही, भरल्या न गेलेल्या राखीव जागा भरत नाहीत. दारात हसून स्वागत करणारी संस्था आतल्या समितीवर आपला एकही माणूस घेत नसेल, तर त्या हसण्याची किंमत विद्यार्थ्यांना कळते. म्हणून या विषयाला गोड स्वभावाचा विषय करून टाकू नये. तो अधिकाराचा आहे. यूजीसीच्या 2012 च्या समता नियमावलीत, वर्गात विद्यार्थ्यांची जात-जमात तोंडी किंवा अन्य प्रकारे जाहीर करणे आणि त्यांना ‘राखीव प्रवर्गातले’ म्हणून ओळखणे हे भेदभावाच्या व्याख्येत घातलेले आहे. प्रवर्गवार लावलेले रोल नंबर रोज पुकारणे यात बसते की नाही, हा प्रश्न आपण आपल्या कॉलेजच्या समान संधी कक्षाला लेखी विचारू शकतो. रोल नंबर पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने लावावेत, एवढी एक ओळीची मागणी प्राचार्यांकडे करता येते. तिला पैसा लागत नाही आणि नाकारायला कारण सापडणेही अवघड आहे.

नवे सत्र सुरू होण्याआधीचा आठवडा यासाठी योग्य असतो, कारण याद्या तेव्हाच बनतात. जे शिकवतात त्यांनी यादी हातात आली की ती पहिल्या नावाने लिहून काढावी, बसण्याचा नकाशा करावा आणि पहिल्या सहा तासांची फळ्यावरची कामे आधीच लिहून ठेवावीत. जे अजून शिकत आहेत त्यांनी आपल्या वर्गात पहिल्या मिनिटात कोणाला नावाने, कोणाला आडनावाने आणि कोणाला काहीच न म्हणता पुढे जातात, याची एक आठवडा नोंद ठेवावी. तारीख, तास आणि ऐकलेले शब्द एवढे पुरे. अशी नोंद हातात असली की तक्रार ‘आम्हाला असे वाटते’ एवढ्यावर उडवून लावता येत नाही.